‘ते कानाने कळते’ याच्या पुढे : कारागिरांच्या मुलाखतीची प्रश्नावली

वृद्ध कारागिरांवरचे माहितीपट पाहताना एक गोष्ट लवकरच लक्षात येते. कारागीर वेगळे असतात, गावे वेगळी असतात, पण उत्तरे तीच असतात. ही कला आम्ही वडिलांकडून शिकलो. पूर्वी खूप मान होता. आता पोरे या धंद्यात येत नाहीत. सरकारने लक्ष द्यावे. विणकर असो, कुंभार असो की तांबट, पडद्यावर तेच चार सुस्कारे ऐकू येतात आणि मागे बासरी वाजत असते. आपण हळहळतो आणि दिवा लागल्यावर चहाला जातो. त्या माणसाचा हात नेमके काय जाणतो हे आपल्याला तासाभराच्या चित्रपटानंतरही कळलेले नसते.

याचा दोष बहुतेक वेळा दिग्दर्शकाच्या भावुकतेला दिला जातो. माझ्या मते तो आधी प्रश्नावलीला द्यायला हवा. ‘या कलेचे भविष्य काय?’ असे विचारले की समोरचा माणूस कारागीर राहत नाही, आपल्या जमातीचा प्रवक्ता होतो. प्रवक्त्याला जे बोलावे लागते ते तो बोलतो. तेही खोटे नसते. पण ते बोलण्यासाठी साठ वर्षे कानस हाती धरावी लागत नाही.

हा प्रश्न आपल्या वर्तुळाचा आहे, कारण अशा प्रश्नावल्या आता बऱ्याचदा मराठी विभागांतच तयार होतात. माध्यमविषयक अभ्यासक्रम आले, विद्यार्थ्यांचे प्रकल्प आले आणि ‘भाषा चांगली आहे’ म्हणून प्रश्न लिहिण्याचे काम साहित्याच्या विद्यार्थ्यावर येते. आमच्या विभागातील विद्यार्थ्यांनी दोन वर्षांपूर्वी मिरजेच्या तंतुवाद्य-कारागिरांवर एक छोटा माहितीपट केला. त्या निमित्ताने प्रश्न कसे बांधावेत यावर बराच विचार झाला. तो मिरजेच्याच उदाहरणाने मांडतो. ‘कारागीर’ हा शब्द सर्वसाधारण अर्थाने वापरला की पुन्हा ते चार सुस्कारे सुरू होतात.

मिरजेत सतार आणि तानपुरा घडवण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सांगितली जाते. हे काम करणारी घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे शस्त्रांना धार लावणाऱ्यांची. संस्थानी शस्त्रांचे काम आटले तसे ती वाद्यांकडे वळली. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो. तो वेलीवरच वाळू द्यावा लागतो. मग भिजवणे, कापणे, आतला गर खरवडणे, तोंडाला आकार देऊन पुन्हा सुकवणे, तुणीच्या लाकडाची दांडी आणि तबली बसवणे, कोरीवकाम, पॉलिश, खुंट्या असे काम अनेक हातांतून फिरते. शेवटी येते जवारी. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा या गावाकडे कॅमेरे पुन्हा वळले. प्रश्न मात्र जुनेच होते.

जवारी म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर बेतलेले आहे. तानपुऱ्याची तार ज्या घोडीवरून जाते तिचा माथा धारदार नसतो. तो रुंद असतो आणि त्याला अगदी हलका उतार असतो. तार छेडली की ती त्या उतारावर पुन्हा पुन्हा टेकते, सुटते आणि त्यातून तो भरलेला, गुंजणारा नाद निघतो. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक दोरा घालून तो नेमक्या जागी सरकवला की आवाज ‘उघडतो’. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर लिहिताना या घोडीचे वेगळेपण भौतिकशास्त्राच्या अंगाने दाखवून दिले. तार जिथे छेडली जाते त्या जागेमुळे नियमाप्रमाणे जे उपस्वर ऐकू येऊ नयेत, तेही इथे ऐकू येतात. म्हणजे असे का होते यावर शास्त्राने लिहिले आहे. कानस कुठे थांबवायची हे मात्र ज्या हाताला ठाऊक आहे त्यालाच विचारावे लागते.

विद्यार्थ्यांच्या पहिल्या यादीत त्यासाठी एकच प्रश्न होता : ‘जवारी कशी लावता?’ याचे उत्तर काय येणार हे तंतुवाद्यांच्या गल्लीतून एकदा चालून आलेला कोणीही सांगेल. ‘ते कानाने कळते.’ उत्तर खरे आहे, सुंदरही आहे. संकलकाला ते फार आवडते, कारण ते सहा सेकंदांत संपते. आणि तिथेच बहुतेक मुलाखती या विषयावरून पुढे सरकतात. माझे म्हणणे असे की तयारीची खरी गरज या उत्तरानंतर असते. पहिला प्रश्न कोणालाही सुचतो. उपप्रश्न ऐन वेळी सुचत नाहीत, कारण त्या क्षणी विचारणारा भारावलेला असतो किंवा यादीतल्या पुढच्या ओळीकडे पाहत असतो.

जेम्स स्प्रॅडली या मानववंशशास्त्रज्ञाने १९७९ सालच्या आपल्या पुस्तकात मुलाखतीतील प्रश्नांचे तीन मोठे वर्ग केले आहेत : वर्णन मागणारे, एखाद्या क्षेत्रातील प्रकार-पोटप्रकार उलगडणारे आणि दोन गोष्टींतला फरक विचारणारे. ही विभागणी आम्ही घेतली, पण मिरजेसाठी तिच्यात एक भर घालावी लागली : बिघाडाचा प्रश्न. हाताला जे येते ते माणसाला सहसा सांगता येत नाही. ते केव्हा चुकते हे मात्र तो लगेच सांगतो.

एका अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या कारागिरांशी झालेला संवाद इथे देतो. मुले त्यांना चाचा म्हणत.

‘ते कानाने कळते’ हे उत्तर आल्यावर विद्यार्थिनीने ठरल्याप्रमाणे दहापर्यंत मनात अंक मोजले. चाचा काही बोलले नाहीत. मग तिने तयार ठेवलेला पहिला उपप्रश्न विचारला : ‘चाचा, दुरुस्तीला आलेला तानपुरा पुढ्यात आला की घोडीवर पहिल्यांदा काय बघता?’ इथे ‘कसे’ नाही, ‘काय’ आहे. आणि काळ ‘नेहमी’चा नाही, एका तानपुऱ्याचा आहे. उत्तर आले : ‘तारेनं चर पाडलाय का बघायचं. डोळ्यानं नाही दिसत. नखानं.’ आणि त्यांनी अंगठ्याचे नख घोडीवरून आडवे ओढून दाखवले. पाच शब्दांपूर्वी जे ‘कानाने’ कळत होते ते आता नखाने कळते आहे. वाजवून वाजवून तार घोडीत बारीक खाच पाडते, तार त्या खाचेत बसते आणि नाद मिटतो, ही सगळी प्रक्रिया त्या एका हालचालीत आली.

दुसरा उपप्रश्न फरकाचा. त्यासाठी मुलांनी आधीच विनंती करून दोन तानपुरे शेजारी ठेवून घेतले होते, एक जवारी उतरलेला, एक नुकताच लावलेला. ‘दोन्ही छेडून दाखवा आणि तुमच्या शब्दांत फरक सांगा.’ चाचा म्हणाले, ‘ही बसलीय. ही बोलतीय.’ ‘तुमच्या शब्दांत’ हे म्हणणे महत्त्वाचे आहे. ते म्हटले नसते तर शहरातून आलेल्या, शिकलेल्या मुलांसमोर त्यांनी कदाचित ‘हार्मोनिक्स’ असा एखादा ऐकीव शब्द वापरला असता. ‘बसणे’ आणि ‘बोलणे’ मिळाल्यावर पुढचे सगळे प्रश्न त्यांच्याच शब्दांत विचारता आले.

तिसरा बिघाडाचा : ‘बोलायला लागल्यावरही कानस चालूच राहिली तर?’ इथे उत्तर लांबले. माथा सपाट झाला की तार चरचरते. उतार जास्त पडला की आवाज आखडतो आणि लवकर मरतो. आणि एकदा जास्त घासले गेले की ते परत भरता येत नाही, सगळा उतार नव्याने काढावा लागतो. थोडे घासायचे, तार चढवायची, स्वरात आणायची, ऐकायचे, पुन्हा उतरवायची. कामाचा वेळ घासण्यात जात नाही, तार चढवण्या-उतरवण्यात जातो, हे तेव्हा प्रथम कळले. शिवाय तानपुरा ज्या पट्टीसाठी लावला तीच पट्टी ठेवावी लागते. गाणाऱ्याने ती फार बदलली किंवा वेगळ्या जाडीची तार लावली, तर जवारी पुन्हा पाहावी लागते.

चौथा प्रश्न शिकवण्याचा, आणि अनुभव असा की सर्वांत जास्त हाच देतो. ‘कोणाकडून शिकलात?’ याला उत्तर म्हणून नाव मिळते. ‘नवा पोरगा पहिल्यांदा कानस धरतो तेव्हा कुठे चुकतो?’ याला मिळालेले उत्तर असे : ‘जोर लावतो. कानस डुलते मग. मधे राहते, कडा जाते.’ आणि त्यांनी विद्यार्थ्याचा हात धरून कानशीवर किती भार द्यायचा ते दाखवले. शिकवणाऱ्या माणसाला आपले ज्ञान शब्दांत मोडावेच लागलेले असते; ते तुकडे त्याच्यापाशी तयार असतात. आपण फक्त शिकवण्याची आठवण काढायची.

आता ज्या प्रश्नाला मी यादीतून काढायला लावले त्याविषयी. एका चांगल्या, वाचणाऱ्या विद्यार्थ्याने लिहिले होते : ‘तुमचे पूर्वज शस्त्रांना धार लावत. तोच कानशीचा हात पुढे स्वरांना धार लावू लागला, असे तुम्हाला वाटते का?’ साहित्याच्या माणसाला हे वाक्य सोडवत नाही, मलाही सोडवत नव्हते. पण असे विचारल्यावर समोरचा माणूस ‘हो’ म्हणणार, कारण पाहुण्याने आपल्या घराण्याविषयी सुंदर काही म्हटले आहे आणि त्याला नाही म्हणणे असभ्यपणाचे. चित्रपटात ते ‘हो’ पुरावा म्हणून वापरले जाईल. प्रतिमा आपली, सही त्यांची. त्याऐवजी प्रश्न असा केला : ‘घरात जुन्या कामाची काही हत्यारे होती का? ती कशाला वापरत?’ उत्तर काय आले हे इथे महत्त्वाचे नाही. महत्त्वाचे हे की या प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर देणे त्यांना सहज शक्य होते. प्रश्नावली तपासताना मी आता हीच कसोटी लावतो : नाही म्हणताना समोरच्याला संकोच वाटेल असा प्रश्न बाद.

तसाच दुसरा : ‘इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याने धंदा बसवला का?’ यालाही ‘हो’ ठरलेले. ‘गेल्या दिवाळीपासून या दिवाळीपर्यंत नवे तानपुरे किती झाले, दुरुस्तीला किती आले?’ आणि ‘तुमचे लग्न झाले त्या वर्षी?’ असे विचारले, तर धंद्याची गोष्ट आपोआप येते आणि ती आपण ठरवलेल्या सुरात येईलच असे नाही. पैशाविषयीही हेच. ‘परवडते का?’ यावर तक्रार येते. ‘एक जवारी लावायला किती वेळ जातो आणि त्या वेळात दुसरे काय करता आले असते?’ यावर हिशेब येतो.

सालांविषयी थोडे. वृद्ध माणसाला ‘कोणत्या साली?’ विचारणे म्हणजे त्याला परीक्षेला बसवणे. त्याऐवजी गावाला ठाऊक असलेला खुंटा द्यावा : कोयनेचा भूकंप, म्हणजे डिसेंबर १९६७, त्याच्या आधी की नंतर? बहात्तरच्या दुष्काळात भोपळा कुठून आणलात? इतके करूनही साल चुकेल, आणि चुकीलाही अर्थ असतो. इटलीतील तेर्नी गावच्या लुइजी त्रास्तुल्ली या पोलाद-कामगाराच्या मृत्यूवर आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी लिहिले आहे. तो १९४९ साली नाटोविरोधी निदर्शनात मारला गेला, पण अनेक कामगारांनी आपल्या आठवणीत तो १९५३ च्या कामगारकपातीच्या संघर्षात नेऊन ठेवला. त्यांच्या दृष्टीने मोठी घटना ती होती. तेव्हा साल चुकले की लगेच दुरुस्त करू नये. ‘त्याच सुमाराला आणखी काय झाले?’ एवढे विचारून ठेवावे.

मिरजेत याचे एक खास रूप आहे. तिथे प्रत्येक मुलाखतकर्ता अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणी विचारतो. खाँसाहेब १९३७ साली गेले. आज हयात असलेल्या कारागिराने त्यांना पाहिलेले असणे जवळजवळ अशक्य आहे. तरीही आठवणी मिळतात, रसाळ मिळतात, कारण त्या घरात सांगितल्या गेलेल्या असतात. त्या टाकाऊ नाहीत. फक्त ‘हे तुम्हाला कोणी सांगितले? कधी, काय काम चालू असताना?’ हा उपप्रश्न हवा. मग खाँसाहेबांच्या गोष्टीतून सांगणाऱ्या आजोबांची गोष्ट निघते, आणि ती प्रथम हाताची असते.

कॅमेऱ्यामुळे प्रश्नांवर काही बंधने येतात. छापील मुलाखतीला ती नसतात. बहुतेक माहितीपटांत विचारणाऱ्याचा आवाज काढून टाकतात. मग ‘तीन’ किंवा ‘नखाने’ हे उत्तर पडद्यावर निराधार लोंबते. उत्तरात प्रश्न घ्या, असे त्यांना आधी समजावून पाहिले. वृद्ध माणसे दोन वाक्यांनंतर ते विसरतात आणि मग अवघडतात. सूचना करण्यापेक्षा प्रश्नच ‘…त्याबद्दल सांगा’ असा केला तर वाक्य पूर्ण येण्याची शक्यता वाढते. कानस चालू असताना बोलायचे नाही, हा दुसरा नियम. घासण्याचा आणि त्यानंतर तार छेडण्याचा आवाज स्वच्छ मिळायला हवा, कारण तोच या चित्रपटाचा विषय आहे. प्रश्न नंतर विचारावेत, आणि जमल्यास चित्रित झालेला तुकडा त्यांनाच दाखवून : ‘इथे तुम्ही थांबलात. का?’ स्वतःचा हात बाहेरून पाहताना माणूस जे बोलतो ते त्याने एरवी कधी बोललेले नसते.

पूर्वभेटीचा पेच मात्र मला सुटलेला नाही. कॅमेऱ्याशिवाय एकदा भेटल्यावाचून नेमके प्रश्न तयार होत नाहीत. आणि त्या भेटीत सगळे विचारून घेतले तर चित्रीकरणाच्या दिवशी ‘काल सांगितलं ना तुम्हाला’ असे ऐकावे लागते. गोष्ट पहिल्यांदा सांगतानाच तिच्यात जीव असतो. आम्ही तडजोड अशी केली की पहिल्या भेटीत फक्त वस्तू, हत्यारे, नावे आणि कामाचा क्रम विचारायचा; माणसांच्या गोष्टी निघाल्या तर ‘हे आपण त्या दिवशी बोलू’ म्हणून थांबवायचे. म्हाताऱ्या माणसाला असे थांबवणे उद्धट वाटते, आणि काही वेळा ती गोष्ट पुन्हा येतच नाही.

भाषेचाही विचार आधी करावा. या घरांतून आपसात दखनी बोलली जाते, गिऱ्हाइकाशी मराठी, काही जणांना कन्नड येते. मराठीत विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मराठीत येते, पण कामाच्या शिव्या, लाडाचे शब्द, पोराला दिलेली ताकीद हे सगळे दखनीत असते. ‘वडील रागावले की काय म्हणायचे, त्यांच्याच शब्दांत?’ असे विचारावे. वेळ सकाळची, बैठक पाऊण तासाची. त्यापुढे उत्तरे आखूड होऊ लागतात आणि मुलगा किंवा सून मदतीला येऊन बोलू लागते. त्यांना गप्प करू नये. वेगळे बसवून त्यांच्यासाठी वेगळे प्रश्न ठेवावेत. घरातल्या बायकांना ‘तुम्ही यांना मदत करता का?’ असे न विचारता ‘सकाळपासून तुमच्या हाताखालून काय काय जाते?’ असे विचारले, तेव्हा कामाच्या क्रमातले दोन टप्पे आम्हाला नव्याने कळले.

राहता राहिला एक प्रश्न. तो यादीत सर्वांत शेवटी असतो आणि बऱ्याचदा वेळेअभावी राहून जातो : ‘आज जे दाखवलेत त्यातले काय लोकांनी पाहू नये असे वाटते?’ इतके खोलात जाऊन विचारल्यावर तो टाळता येत नाही. जवारी हे घराचे भांडवल आहे. जितका प्रश्न नेमका, तितके हातातून जास्त काढून घेतले जाते. सुस्काऱ्यांच्या माहितीपटाने कारागिराचे निदान एवढे तरी नुकसान होत नाही. संमतीपत्रावर सही घेऊन हे भागत नाही, कारण सही करताना काय दाखवले जाणार आहे हे त्याला ठाऊक नसते. म्हणून हा प्रश्न चित्रीकरण संपल्यावर, तुकडे दाखवून विचारायचा.

चाचांनी सगळे शांतपणे पाहिले. चर तपासणारे नख ठेवायला सांगितले, शिकाऊ पोराची चूक ठेवायला सांगितली. दोरा सरकवताना डाव्या हाताचे बोट तारेवर कुठे टेकते, ते अठरा सेकंदांचे जवळून घेतलेले चित्रण मात्र काढा म्हणाले. ‘ते नातवाला दाखवीन, तो बसला तर.’ माहितीपटातले ते सर्वांत चांगले चित्रण होते. ते काढले आणि त्याची प्रत त्यांच्या घरी दिली.